अनुवादक-दुभाष्याचा रेझ्युमे: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात बसून इंग्रजी–मराठी अनुवाद करते आणि काही वर्षांपासून एका एजन्सीसाठी नव्या अनुवादकांचे अर्जही चाळते. आपल्याकडच्या अर्जांत भाषा भरपूर असतात आणि आकडे एक तर नसतात किंवा फुगलेले असतात. खालचे प्रश्न मला फोनवर, चहाच्या गाडीवर आणि एकदा तर गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत विचारले गेले आहेत.

घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी. चारही भाषा लिहू का?

लिहा, पण सगळ्या एकाच ओळीत नकोत. आपल्या गावाची गंमतच अशी आहे की इथल्या माणसाला जेवढ्या भाषा बोलता येतात, त्यातल्या निम्म्या त्याला लिहिता येत नाहीत. पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे तेलुगू लिपी वाचायची वेळच आलेली नसते. शिवाय ते तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या मागांच्या खडखडाटात मराठीत मिसळलेलं. हैदराबादच्या वाचकाला ते छापील मजकुरात चालणार नाही.

लेखी अनुवादाला मूळ भाषा अचूक वाचता यावी लागते आणि ज्या भाषेत आणायचं ती हुकमी लिहिता यावी लागते. दुभाष्याचं काम तोंडी, तिथे हेच घरचं तेलुगू सोन्यासारखं आहे. कारण समोरची विडी कामगार मावशी तेच बोलते. म्हणून रेझ्युमेत ‘अनुवादाच्या जोड्या’ आणि ‘दुभाषी म्हणून भाषा’ असे दोन वेगळे भाग करा. तुमचं तेलुगू दुसऱ्या भागात ताठ मानेनं बसेल, पहिल्या भागात घातलंत तर चाचणीच्या पहिल्याच परिच्छेदात उघडं पडेल.

जोडी नेमकी कशी लिहायची?

दिशेसकट. ‘इंग्रजी–मराठी’ म्हटलं की वाचणाऱ्याला कळत नाही तुम्ही कुठून कुठे जाता. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक एजन्सी माणसाला त्याच्या हातच्या भाषेतच अनुवाद करायला देतात. एजन्सीच्या नोंदीत भाषा दोन अक्षरी संकेतांनी असतात: मराठी mr, तेलुगू te, कन्नड kn, उर्दू ur, हिंदी hi. त्यामुळे `EN > MR` असं लिहिलं की शोधताना सापडतं. उर्दू असेल तर भारतातली की पाकिस्तानातली हेही लिहा, कामं त्याप्रमाणे वेगळी येतात.

मराठीतून इंग्रजीत उलटी दिशा करत असाल तर ती लपवू नका. जमिनीचे दस्त, जन्मदाखले, शाळेचे दाखले इंग्रजीत करायला इंग्रज माणूस कुठून येणार, ते काम आपल्याचकडे येतं. फक्त कोणत्या प्रकारच्या मजकुरासाठी ते लिहा. दस्त उत्तम करणारा माणूस जाहिरातीचं इंग्रजीही लिहील असं नाही.

विषयक्षेत्रात ‘सर्व विषय’ लिहिलं तर जास्त कामं येतील ना?

येणार नाहीत. कायदा, आरोग्य, शेती, साहित्य, बँकिंग, तंत्रज्ञान अशी यादी मी रोज वाचते आणि रोज पुढे सरकते. दोन-तीन क्षेत्रं पुरे, पण प्रत्येकापुढे मजकुराचा प्रकार हवा. ‘कायदा’ यातून काहीच कळत नाही. ‘खरेदीखत, वाटणीपत्र, सातबारा, फेरफार’ यातून कळतं की ‘कब्जेदार’ आणि ‘कूळ’ हे शब्द तुम्ही एकाच इंग्रजी शब्दात कोंबणार नाही. उलट दिशेला भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश वापरत असाल तर तेही लिहा, कारण सरकारी कामात त्या संज्ञा ठरलेल्या असतात आणि स्वतःच्या मनाच्या संज्ञा परत येतात.

क्षेत्र नोकरीतून आलेलं असेल तर आणखी चांगलं. टेरी टॉवेलच्या कारखान्यात सात वर्षं काढलेला माणूस ताणा, बाणा, बीम आणि विणकामातल्या ‘पिक’चे आकडे ज्या सहजतेनं लिहील, ते पुस्तकातून येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका अर्जात हा अनुभव शेवटच्या पानावर ‘इतर’ या शीर्षकाखाली होता. तो माणूस फोनवर भेटला म्हणून कळलं.

आजवर किती शब्द केले हे आठवतच नाही. आकडा कुठून आणू?

आठवणीतून आणू नका, कागदातून आणा. ओळखीच्या एका ताईंचं उदाहरण सविस्तर सांगते. त्या दिवसा शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी अनुवाद करतात. पाच वर्षं झाली. रेझ्युमेत त्यांनी लिहिलं होतं: ‘दहा लाख शब्दांचा अनुभव, मराठी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड, हिंदी.’ आम्ही एका रविवारी बसून त्यांची बिलं, ईमेल आणि फायली काढल्या.

पहिला ढीग जमिनीच्या दस्तांचा, मराठीतून इंग्रजीत. वकील पानावर पैसे देतात, शब्दांवर नाही. बिलांवर मिळून ६४० पानं निघाली. वेगवेगळ्या दस्तांतली दहा पानं घेऊन शब्द मोजले, सरासरी २४० आली. म्हणजे १,५३,६००. पान लहानमोठं असतं, म्हणून लिहायचं ‘सुमारे दीड लाख, पानांवरून काढलेला अंदाज’. अंदाज आहे हे लिहिल्यानं आकड्याची किंमत घटत नाही, विश्वास वाढतो.

दुसरा ढीग आरोग्याचा, इंग्रजीतून मराठीत: औषधचाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांची संमतिपत्रकं आणि माहितीपत्रकं. हे एजन्सीमार्फत, म्हणून प्रत्येक कामाच्या ऑर्डरवर शब्दसंख्या होती. बेरीज ३,१०,०००. तिसरा ढीग मागांच्या यंत्रांच्या पुस्तिकांचा, तोही मराठीत, ८४,०००.

चौथा अगदी छोटा. एका अभ्यासासाठी विडी कामगार बायकांच्या तेलुगू मुलाखती ऐकून त्यांनी थेट मराठीत उतरवल्या होत्या, ९,००० मराठी शब्द. लिपी वाचायची गरजच पडली नव्हती. ही जोडी म्हणून लिहिता येते, पण ‘ध्वनिमुद्रणावरून’ हा शब्द सोबत हवाच.

मग दहा लाख कसे झाले होते? त्यांनी दुसऱ्यांचा अनुवाद तपासून दिलेले २,४०,००० शब्द अनुवादातच धरले होते. तरी बेरीज आठ लाखांच्या आतच, वरचे दोन लाख उत्साहाचे. तपासणीचे शब्द जरूर लिहा, ते वेगळं कौशल्य आहे, पण वेगळ्या ओळीत.

आकडा फुगवला तर कुणाला कळणार आहे?

वाचणाऱ्याला भागाकार येतो. पूर्णवेळ अनुवादक दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द करतो, म्हणजे तासाला अडीचशे धरा. ताईंना संध्याकाळी दोन तास मिळतात, म्हणजे पाचशे शब्द. वर्षात दोनशे संध्याकाळी धरल्या तर वर्षाला एक लाख, पाच वर्षांत पाच लाख. त्यांच्या नव्यानं केलेल्या शब्दांची बेरीज सव्वाचार लाखांच्या थोडी वर येते आणि तपासणीला उरलेला वेळ जेमतेम पुरतो. म्हणजे खरा आकडा हिशेबात बसतो. दहा लाख बसत नव्हते. शाळेची नोकरी त्याच पानावर लिहिलेली असताना हे उघड दिसतं.

वर ‘नव्यानं केलेले’ म्हणालात. ते काय?

अनुवादाचं सॉफ्टवेअर जुनी वाक्यं त्यांच्या अनुवादासह साठवतं, त्या साठ्याला मेमरी म्हणतात. नवी फाइल आली की तिची तुलना होते: हुबेहूब जुळणारी वाक्यं, थोडाफार फरक असलेली म्हणजे फझी, त्याच फाइलमध्ये पुन्हा येणारी म्हणजे रिपीटिशन, आणि कुठेच न जुळणारी. संमतिपत्रकांत ‘तुम्ही कधीही या चाचणीतून बाहेर पडू शकता’ हे वाक्य प्रत्येक आवृत्तीत असतंच. ताईंच्या ३,१०,००० पैकी १,१८,००० शब्द असे हुबेहूब किंवा पुन्हा येणारे होते. उरले १,९२,०००.

दोन्ही आकडे लिहा. पहिला सांगतो की एवढ्या मोठ्या कामात तुम्ही शब्दयोजना सारखी ठेवलीत, दुसरा सांगतो की हातानं किती लिहिलंत. एकच आकडा देणाऱ्याला मी हमखास विचारते, हा पूर्ण की नवा? उत्तर द्यायला वेळ लागला की समजायचं ते समजते.

आणखी एक खोच. शब्द मूळ भाषेतले मोजले की अनुवादातले? इंग्रजीतले ‘फ्रॉम द ओनर्स लँड’ हे चार शब्द मराठीत ‘मालकाच्या जमिनीतून’ असे दोन होतात, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. म्हणून एकच काम दोन बाजूंनी मोजलं तर आकडे जुळत नाहीत. रेझ्युमेत कुठेतरी एकदा ‘मूळ मजकुराचे शब्द’ असं लिहून टाका. ताईंच्या मुलाखतींचे नऊ हजार मराठीतले होते, म्हणून ते एकूण बेरजेत मिसळले नाहीत.

मी दवाखान्यात दुभाषी म्हणून जातो. तिथे शब्द कसे मोजायचे?

मोजायचेच नाहीत. तोंडी काम तासांत, दिवसांत आणि प्रसंगांत मोजतात. विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यांत येतात आणि डॉक्टर मराठी बोलतात, तिथे कन्नड–मराठी दुभाष्याचं काम दोन्ही दिशांनी, थांबून थांबून चालतं. हे ‘दोन माणसांमधलं’ काम. भाषण संपल्यावर टिपणांवरून सांगणं हे वेगळं आणि बंद खोलीत हेडफोन लावून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ बोलणं आणखी वेगळं. या शेवटच्या प्रकारात दोघं जोडीनं बसतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढे डोकं साथ देत नाही. एकट्यानं दिवसभर असं काम केल्याचा दावा रेझ्युमेत दिसला की मला शंका येते.

म्हणून ओळ अशी: ‘कन्नड–मराठी, दोन्ही दिशा, रुग्ण-डॉक्टर संवाद, ३१ प्रसंग, सुमारे ९५ तास.’ नातेवाइकांसाठी केलेली मदत त्यात धरू नका. आत्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात हे पुण्याचं काम, अनुभवाचं नव्हे.

सॉफ्टवेअर कोणतं लिहू? वर्ड आणि एक्सेल येतं.

ते येतं असं गृहीतच धरलेलं असतं. ट्रॅडॉस, मेमोक्यू, वर्डफास्ट, स्मार्टकॅट यांपैकी जे खरोखर वापरलंत ते लिहा, आवृत्तीसह आणि काय केलंत त्यासह: स्वतःचा परवाना आहे की एजन्सीच्या ऑनलाइन जागेत काम केलंत, मेमरी स्वतः तयार केलीत की तयार मिळाली. परवाना परवडत नसेल तर ओमेगा-टी मोफत आहे. त्यावर दोन महिने स्वतःची जुनी कामं घालून पाहिलीत की मेमरी, संज्ञासूची आणि टॅग म्हणजे काय ते कळतं, आणि मेमरी `.tmx` फाइलमध्ये बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेता येते. ‘ट्रॅडॉसची ओळख आहे’ असं मात्र लिहू नका. ओळख म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न येतो आणि तिथे फजिती होते.

श्रीलिपी आणि कृतीदेव येतं, ते जमेत धरतात का?

धरतात, पण तुम्हाला वाटतं त्या बाजूनं नाही. सोलापुरात पत्रिका आणि पुस्तिका डीटीपीवाल्याकडे याच फॉन्टांत वर्षानुवर्षं झाल्या. अडचण अशी की त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चेहरा चढवलेला असतो. कृतीदेवमधलं ‘मी’ हे आत `eh` म्हणून साठलेलं असतं. अनुवादाच्या सॉफ्टवेअरला ती फाइल दिली की पडद्यावर `eh` दिसतं, शोध चालत नाही, मेमरी जुळत नाही. एका नवख्या मुलानं तीनशे वाक्यं अशा फॉन्टात टाइप करून पाठवली होती, त्याच्याकडे सगळं छान दिसत होतं आणि आमच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. बिचाऱ्यानं सगळं पुन्हा टाइप केलं.

तेव्हा पहिल्यांदा लिहा: ‘युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कीबोर्ड.’ त्याखाली ‘श्रीलिपी-कृतीदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासतो’ असं लिहिलंत तर ते खरं कौशल्य ठरतं. रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार यांची जागा हलते, आणि ते डोळ्यांनी तपासणारा माणूस लागतोच.

प्रमाणपत्र नाही. कोणतं करावं?

आधी प्रमाणपत्रांचे प्रकार वेगळे करू, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ आहे. जपानीची एन-३ किंवा जर्मनची बी-२ परीक्षा तुमची भाषा सांगते, अनुवाद नाही. इग्नूसारख्या विद्यापीठाची अनुवादाची पदव्युत्तर पदविका शिक्षण सांगते. आणि अनुवादकांच्या संस्थेची परीक्षा कामाचा दर्जा सांगते. अमेरिकेतल्या अनुवादक संघटनेची परीक्षा ठरावीक जोड्यांचीच होते, मराठी त्यात नाही. तिचं सभासदत्व मात्र पैसे भरून मिळतं, म्हणून ‘सभासद’ आणि ‘प्रमाणित’ हे शब्द अदलाबदल करू नका. ऑस्ट्रेलियातल्या नाटी या अनुवादक-दुभाष्यांच्या मान्यतासंस्थेची सीसीएल परीक्षा मराठीत आहे, पण ती स्थलांतराच्या गुणांसाठी देतात, तिनं दुभाष्याचा परवाना मिळत नाही.

‘आयएसओ १७१०० प्रमाणित अनुवादक’ हे तर मी दर आठवड्याला वाचते. ते २०१५ चं मानक अनुवादसेवा देणाऱ्या संस्थेसाठी आहे. पण त्यात अनुवादकाची पात्रता तीन वाटांनी सांगितली आहे आणि तीच तुमच्या कामाची: अनुवादातली पदवी, किंवा इतर कोणतीही पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पदवीशिवाय पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. ताई बीए, पण काम अर्धवेळही नाही. दिवसाचे दोन तास म्हणजे पूर्णवेळेचा पाव भाग, आणि त्यातही वर्षातल्या दोनशेच संध्याकाळी. पाच वर्षं जोडली तरी पूर्णवेळेचं सव्वा वर्षसुद्धा भरत नाही. आम्ही ‘पात्र’ लिहिलं नाही. तास आणि वर्षं लिहिली.

भारतात जर्मनीसारखे न्यायालयानं शपथ दिलेले अनुवादक सरसकट नसतात. त्यामुळे ‘सरकारमान्य अनुवादक’ लिहिताना कुणी, कशासाठी मान्य केलं ते नसेल तर ते खोडा. दस्ताच्या अनुवादाला अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र जोडतात. नोटरी कायदा, १९५२ नुसार अनुवाद करणं आणि पडताळणं हे नोटरीच्याही कामांत येतं, पण तो शिक्का त्या कागदावर असतो, तुमच्या माथ्यावर नाही.

क्लायंटचं नाव लिहू का?

गोपनीयतेचा करार केला असेल तर नाही. ‘औषधनिर्माण क्षेत्रातली कंपनी, एजन्सीमार्फत’ एवढं पुरतं. नमुना हवा असेल तर कुणाचा दस्त नाव खोडून पाठवू नका, गट क्रमांकावरूनही माणूस सापडतो. एखाद्या सार्वजनिक सरकारी पत्रकाचे अडीचशे शब्द स्वतः अनुवादून तो नमुना ठेवा.

शेवटी ताईंचा रेझ्युमे कसा दिसला?

एक पान. वर नाव आणि लगेच खाली हे:

EN > MR: आरोग्य (संमतिपत्रकं, रुग्ण माहितीपत्रकं) ३.१ लाख, पैकी नव्यानं १.९ लाख, वस्त्रोद्योग यंत्रपुस्तिका ८४ हजार
MR > EN: जमीन-मालमत्ता दस्त, सुमारे १.५ लाख (पानांवरून)
TE > MR: फक्त ध्वनिमुद्रणावरून, ९ हजार मराठी शब्द
तपासणी, EN > MR: २.४ लाख
दुभाषी: तेलुगू–मराठी, कन्नड–मराठी, तोंडी

त्याखाली सॉफ्टवेअर, मग शिक्षण, मग नोकरी. हा नमुना मी इथे मराठीत दिला, पाठवायची प्रत इंग्रजीत असते. जन्मतारीख, जात, उंची, वडिलांचा व्यवसाय हे सगळं काढलं. आपल्याकडे ‘बायोडाटा’ म्हटलं की हात आपोआप लग्नाच्या बायोडाट्याकडे वळतो, त्याला काय करणार!

तो ऑनलाइन सगळ्यांना दिसेल असा टाकू का?

पूर्ण प्रत टाकू नका. अनुवादकांचे रेझ्युमे उचलून, फक्त ईमेल बदलून एजन्सींना पाठवणाऱ्या टोळ्या आहेत. काम ते घेतात, बदनामी तुमच्या नावाची होते. उघड्यावर जोड्या आणि क्षेत्रं ठेवा, आकड्यांची प्रत मागितल्यावर पीडीएफमध्ये पाठवा, आणि आधार किंवा पॅन क्रमांक दोन्हींत नको. फाइलला `resume_final_new2.pdf` असं नाव देऊ नका. माझ्या फोल्डरमध्ये याच नावाच्या अकरा फायली आहेत आणि त्यातली एक ताईंची पहिली प्रत आहे.